न छापलेली चौकट

बँकेत तिला सगळे टाचणीबाई म्हणायचे. पदराला कायम पाच-सहा टाचण्या लावलेल्या असायच्या, कारण स्टेपलर मागायला गेलं की तो साहेबांच्या टेबलावर असायचा आणि साहेबांच्या टेबलापाशी विनाकारण जायची तिला हौस नव्हती. नाव शिपायाने ठेवलं. पण ते टिकलं ते टाचण्यांमुळे नव्हे. बाई बोलायला लागली की समोरच्याला टोचायचं, म्हणून टिकलं.

मी बँकेसमोरचा छापखानेवाला. पासबुकं, भरणा स्लिपा, वार्षिक अहवाल, सगळं माझ्याकडेच छापून जातं. सत्तावीस वर्षांत मी त्या बँकेचा एकेक कागद जुळवला आणि एकही वाचला नाही. आम्ही छापणारे अक्षरं बघतो, मजकूर बघत नाही. काना-मात्रा चुकली तर मी यंत्र थांबवतो. वाक्य खोटं असलं तर मला पत्ताही लागत नाही. हे मी अभिमानाने सांगायचो. आता सांगताना लाज वाटते.

त्या बँकेची एक ठेव योजना होती. दरमहा पाचशे रुपये, छत्तीस महिने. तिची माहितीपत्रिका मीच छापली होती. वर भल्यामोठ्या ठळक अक्षरांत ‘११.४९% परतावा’, त्याच्या डोक्यावर एक तारा, आणि त्या ताऱ्याचा खुलासा पानाच्या अगदी तळाशी, मुंगीने लिहावा तसा. तो बारीक टाइप मीच निवडला. साहेब म्हणाले होते, अटी एका पानात बसवा, दुसरं पान परवडत नाही. मी बसवल्या. अकरा अटी साडेतीन इंचांत बसवल्या म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

एका सोमवारी दुपारी मी बिल घ्यायला बँकेत गेलो होतो, तेव्हा टाचणीबाईच्या खिडकीपाशी कोपऱ्यावरची इस्त्रीवाली उभी होती. तिची इस्त्री जळली होती. नवी घ्यायची म्हणून तिने ठेव मोडली आणि बचत खातंही रिकामं केलं. दहा महिने पाचशेप्रमाणे पाच हजार भरले होते, शिवाय बचत खात्यात तीनशे ठेवलेले. तिचा हिशोब सरळ होता: पाच हजार तीनशे, वर जे काही व्याज होईल ते. हातात आले पाच हजार चाळीस.

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात विचारत होती, “ताई, माझं काय चुकलं?”

बाईने समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता तिचाच चेहरा उतरत गेला. बारा महिन्यांच्या आत ठेव मोडली की व्याज शून्य. सहा हप्ते उशिरा भरले, त्याचे दहाप्रमाणे साठ. बचत खात्यात निदान पाचशे ठेवायला हवेत. दुसऱ्या महिन्यात हिने त्यातले दोनशे काढले, त्यानंतर आठ महिने दरमहा पंचवीस कापले गेले, ते दोनशे. साठ आणि दोनशे मिळून दोनशे साठ. हिशोब पैशाचाही चुकलेला नव्हता. सगळं नियमाने झालं होतं.

“बारा महिन्यांचं मला ठाऊक असतं ना,” इस्त्रीवाली म्हणाली, “तर दोन महिने मी कुणाची तरी इस्त्री उसनी घेतली असती.”

एवढं बोलून ती गेली. बाईने खिडकीवर ‘थोड्या वेळाने या’ची पाटी लावली आणि माझ्याकडे वळली. “हिचा अर्ज मीच भरला होता,” ती म्हणाली. “योजना चांगली आहे, असंही मीच सांगितलं होतं.” मग तिने ड्रॉवरमधून ती पत्रिका काढली, सातवी अट बोटाने दाखवली आणि मला मोठ्याने वाचायला लावली. मी वाचली: ‘मुदतपूर्व बंद केल्यास प्रचलित नियमांच्या अधीन राहून देय व्याजात कपात करण्याचा अथवा ते नाकारण्याचा अधिकार बँक राखून ठेवत आहे.’ वाचून झाल्यावर तिने विचारलं, आता सांगा, दहा महिन्यांनी मोडली तर काय मिळेल? मला सांगता येईना. सत्तावीस वर्षं मी हेच छापत होतो.

त्या दिवशी बाईने ठरवलं की ही पत्रिका ती नव्याने लिहिणार. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं ते कामही नव्हतं. पत्रिकेचा मजकूर मुख्य कार्यालयात ठरे, संचालक मंडळ मंजूर करी. बाई काउंटर कारकून, एकोणीस वर्षं झालेली, आणि त्या वर्षी अधिकारीपदाच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. अशा वेळी शहाणं माणूस तोंडाला कुलूप लावतं. मी तिला तसं सुचवलंही. त्यावर तिने विचारलं की कुलपाची किल्ली कुणाकडे द्यायची, साहेबांकडे?

तिची पहिली वाचक होती तिची सासू. म्हातारी जेमतेम चौथी शिकलेली, पण तोंडी हिशोबात वाण्याला पाणी पाजणारी. सून बँकेत आणि सासूचे पैसे गाद्यांच्या खोळीत, असा त्या घरातला एकोणीस वर्षांचा तह होता. बाईने आठ दिवस खपून पहिला मसुदा लिहिला, जड शब्द काढले, सातवी अट दोन ओळींत आणली, आणि एका रविवारी सासूपुढे ठेवला. मी प्रूफाचा कागद घेऊन तिथेच बसलो होतो, कारण ओळी किती लांब ठेवायच्या ते ठरवायचं होतं. बाईची पद्धत एकच. समजलं का, असं ती विचारत नसे. त्याला सगळेच हो म्हणतात, अडाणी दिसायची हौस कुणाला असते? ती म्हणायची, वाचा, आणि आता मला सांगा की तुमच्या हातात किती येतील.

सासूने कागद लांब धरून वाचला. त्यात लिहिलं होतं, व्याज वर्षाला शेकडा सात. मग बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत म्हणाली, शंभराला सात, म्हणजे अठरा हजारांना बाराशे साठ. तीन वर्षांचे तीन हजार सातशे ऐंशी. मग तिने खालचा आकडा वाचला. तिथे व्याज लिहिलं होतं दोन हजार अडुसष्ट.

“सतराशे बारा रुपये कुठे गेले?” सासू म्हणाली. “हे कुणी लिहिलंय? ज्याला द्यायचं नाही त्याने लिहिलंय.”

बाईचा चेहरा बघण्यासारखा झाला. एकोणीस वर्षं तिने हा आकडा तक्त्यात बघून सांगितला होता आणि तक्ता बरोबरच होता. पण वाचणारा तो गुणाकार करणार, हे बँकेतल्या एकाही माणसाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बँकेत बसणाऱ्याला ते दिसतच नाही. त्याला आवर्ती ठेव म्हणजे आवर्ती ठेव. ती सांगू लागली की आई, अठरा हजार पहिल्या दिवशी बँकेत नसतातच. पहिले पाचशे तीन वर्षं राहतात, दुसरे पस्तीस महिने, आणि शेवटचे तर एकच महिना. म्हणून व्याज साधारण निम्मंच होतं, व्याजावर व्याज धरून त्याहून थोडं जास्त.

म्हातारीने पुन्हा बोटांची पेरं मोजली. मग म्हणाली, “असं होय. पहिला गडी तीन वर्षं राबला, शेवटचा काल आला. दोघांना सारखी मजुरी कशी मिळेल? मग हे असं लिही ना. टक्के कशाला नाचवतेस?”

टक्के कशाला नाचवतेस, हे वाक्य बाईने लगेच माझ्या प्रूफाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. त्या साडेअकरा टक्क्यांचं कोडंही तिथेच सुटलं. ते मुळी वर्षाचे नव्हतेच. अठरा हजारांवर तीन वर्षांत मिळून दोन हजार अडुसष्ट, म्हणजे एकूण ११.४९ टक्के. खोटं एक अक्षर नाही. पण वाचणाऱ्याला वाटणार वर्षाला साडेअकरा, आणि तसं वाटावं म्हणूनच ते वर छापलेलं. मला इतका संताप आला की मी उठून उभा राहिलो, आणि मग आठवलं की तो तारा मीच काढला होता, तेव्हा पुन्हा बसलो.

दुसरा मसुदा, तिसरा मसुदा, पाचवा मसुदा. दुपारच्या सुट्टीत बाई शिवणाच्या कारखान्यात जाऊन बसे, डबे उघडलेल्या बायकांना कागद वाचायला देई आणि विचारी, किती येतील? कोण कुठल्या शब्दाला अडकलं ते टाचणीने त्या शब्दावर भोक पाडून ठेवी. संध्याकाळी ते कागद माझ्याकडे यायचे. उजेडासमोर धरले की कळायचं, लोक कुठे ठेचकाळतात. ‘किमान शिल्लक’ची तर चाळण झाली होती. ‘विलंब आकार’चंही तेच. इस्त्रीवालीनेही एकदा वाचला. तिला सगळं बरोबर सांगता आलं, तरी तिने एक सुचवलं: पैसे कधी कमी मिळतात ते असं विखरून ठेवू नका, एकाच ठिकाणी ठेवा. माणूस आधी तेच शोधतो.

म्हणून चौकट आली.

शेवटी जे तयार झालं ते अर्ध्या पानात मावत होतं. वर लिहिलं होतं: दरमहा ५०० रुपये भरायचे, छत्तीस महिने. एकूण भराल १८,०००. शेवटी मिळतील २०,०६८. त्यातलं व्याज २,०६८. पहिला हप्ता तीन वर्षं बँकेत राहतो, शेवटचा एकच महिना, म्हणून व्याज एवढं. दर वर्षाला शेकडा सात. आणि खाली जाड रेघेची चौकट, ‘पैसे कमी केव्हा मिळतात’:

बारा महिन्यांच्या आत ठेव मोडली तर भरलेले पैसे परत मिळतात, व्याज काहीच नाही.
बारा महिन्यांनंतर मोडली तर सातऐवजी पाच टक्क्यांनी व्याज. उदाहरण: दोन वर्षांनी मोडली, भरले १२,०००, मिळतील १२,६४२.
हप्ता उशिरा भरला तर दर हप्त्याला, दर महिन्याच्या उशिराला १० रुपये.
यासाठी बचत खातं लागतं. त्यात ५०० पेक्षा कमी राहिले तर दरमहा २५ रुपये कापले जातात.

मी तो मजकूर चांगल्या ठसठशीत टाइपात जुळवला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा बँकेचा कागद वाचला आणि तो मला कळला. वयाच्या चौपन्नाव्या वर्षी.

साहेबांनी तो वाचला आणि आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीये. त्यांचं म्हणणं, भाषा सोपी आहे, छानच आहे, पण चौकट कशाला? दुकानदार मालातली खोट दुकानाच्या पाटीवर लिहितो का? बाई म्हणाली, साहेब, माल आपला नाही, तो त्यांचाच आहे, आपण फक्त सांभाळतो. साहेबांनी यादीची आठवण करून दिली. अधिकारीपदाची मुलाखत पुढच्याच महिन्यात आहे, असं सहज बोलल्यासारखं म्हणाले. बाईने पत्रिका टेबलावर ठेवली आणि संचालक मंडळापुढे जायची लेखी परवानगी मागितली. साहेबांनी दिली. बाई तिथे तोंडघशी पडेल असंच त्यांना वाटलं असणार.

मंडळाच्या बैठकीला छपाईचा खर्च सांगायला मलाही बोलावलं होतं. लांब टेबल, अकरा खुर्च्या, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला झाकलेला. अध्यक्ष गोड माणूस. इतका गोड की त्यांच्याशी बोलून आलेल्याला आपलं काम झालं नाही हे घरी गेल्यावर कळायचं. त्यांनी बाईचं कौतुक केलं. मंडळातल्या वकील संचालकांनीही केलं. मग चर्चा सुरू झाली आणि एकेक सद्गृहस्थ चौकटीवर आले. ठेवी गोळा करायचा पंधरवडा तोंडावर आलाय. प्रत्येक शाखेला रोज ऐंशी खात्यांचं उद्दिष्ट आहे. चौकट वाचून माणूस बिचकेल. एकजण म्हणाले, निम्मे लोक येणारच नाहीत.

“म्हणजे आज निम्मे लोक न कळता येतात,” बाई म्हणाली. “हे तुम्हीच सांगताय.”

अध्यक्षांनी पाण्याच्या पेल्यावरचं झाकण काढून पुन्हा ठेवलं. मग त्यांनी मध्यम मार्ग काढला. वरचा भाग छापायचा, चौकट काढायची. अटी कुठे पळून जात नाहीत, त्या काउंटरवर तोंडी सांगता येतील. बाईने शांतपणे विचारलं, हे वाक्य इतिवृत्तात येईल का? अध्यक्ष म्हणाले, का नाही, लिहून घ्या. सचिवाने लिहून घेतलं: ‘शुल्क व अटी ठेवीदारांना काउंटरवर तोंडी सांगण्यात याव्यात.’ सगळ्यांना हायसं वाटलं. चहा आला.

मला मात्र चहा कडू लागला. आमच्या धंद्यात एक रीत आहे: प्रूफावर गिऱ्हाईक ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून सही करतं, मगच यंत्र चालतं. साहेबांनी चौकटीवर लाल रेघा मारल्या आणि सही केली. त्या संध्याकाळी बाई छापखान्यात आली तेव्हा मी तिला म्हटलं, मी चौकटीसकट छापतो. चुकून झालं म्हणेन. पाच हजार प्रती वाटून होईपर्यंत कुणाच्या लक्षात येणार नाही, आलं तर माझं काम जाईल, जाऊ दे. मी तेव्हा खरंच तसा भडकलो होतो.

तिने नाही म्हटलं. “चोरून छापलं तर खरंसुद्धा खोटं दिसतं,” ती म्हणाली. “आणि तोंडाला प्रूफ लागत नाही, दादा.”

ठेवीचा पंधरवडा सुरू झाला. बँकेच्या दारावर कापडी फलक, आत चार खिडक्या, प्रत्येक खिडकीवर माझ्याकडे छापलेल्या चौकट नसलेल्या पत्रिकांचे गठ्ठे. तीन खिडक्यांवर अर्ज भराभर सरकत होते. चौथ्या खिडकीवर टाचणीबाई प्रत्येकाला पत्रिका द्यायची, वाचून दाखवायची आणि मग चौकटीतल्या चारही ओळी तोंडपाठ म्हणायची. एक शब्द इकडचा तिकडे नाही. नंतर विचारायची, आता तुम्ही सांगा, आठ महिन्यांनी मोडली तर किती मिळतील? उत्तर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. एका माणसाला पाच मिनिटं, कुणाला दहा. रांग जिन्यापर्यंत गेली. दुसऱ्या खिडक्या मोकळ्या असूनही लोक तिच्याच रांगेत थांबायला लागले, कारण जिन्यात बातमी पसरली होती की तिथे खरं सांगतात. बाकीचे कारकून चिडले. शिपाई मला म्हणाला, बाईचा आवाज बसलाय, पण बाई बसत नाही.

बाकीच्या खिडक्यांवर दिवसाला पंधरा-वीस खाती उघडत होती, तिच्याकडे सात. काही लोक ऐकून विचार करतो म्हणायचे आणि जायचे. काहींनी दोनशेचा हप्ता चालेल का विचारलं. पाचशे झेपणार नाहीत हे त्यांना तिथेच कळलं होतं. पाचव्या दिवशी साहेब स्वतः तिच्या मागे येऊन उभे राहिले. बाईने आवाज जरा चढवला आणि चारही ओळी म्हटल्या. सहाव्या दिवशी तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. ठेवीदारांना परावृत्त केल्याबद्दल व उद्दिष्टास बाधा आणल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. आणि आपण ठेवीदारांना नेमके काय सांगत होता, तेही नमूद करावे.

ती नोटीस घेऊन बाई सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, आता रडेल. यादीतून तिचं नाव वगळल्याचं शिपायाने मला दुपारीच सांगितलं होतं. तिला ते माहीत होतं की नाही, मला विचारवेना. तीच म्हणाली, “नाव काढलंय, कळलं मला. एकोणीस वर्षांत मी कधी खुर्चीसाठी रांगेत उभी राहिले नाही, आता काय रडायचं.” पण डोळे भरलेले होते, आणि ते तिने लपवले नाहीत. मग नाक पुसून म्हणाली, “नेमकं काय सांगत होता, असं विचारलंय त्यांनी. लेखी विचारलंय. वाचलंत?”

मी वाचलं होतं, पण मला काही दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं.

तिचा खुलासा एका पानाचा होता. वर तीन ओळी: संचालक मंडळाने अटी तोंडी सांगण्याचा ठराव केला आहे, त्याप्रमाणे मी सांगितल्या, मी सांगितलेला मजकूर शब्दशः खालीलप्रमाणे. त्याखाली चौकट, चारही ओळी, जाड रेघेसकट. आणि शेवटी: ‘यातील जे वाक्य असत्य असेल त्याखाली कृपया रेघ मारावी. त्या वाक्यासाठी मी शिक्षेस पात्र आहे.’

माफी नाही, विनंती नाही, गयावया तर नाहीच. तिने त्याची पोच घेतली, आवक क्रमांकासकट. कर्मचाऱ्याचा खुलासा मंडळापुढे ठेवावा लागतो, हे साहेबांना ठाऊक होतं, आणि बाईलाही.

त्या बैठकीला मी नव्हतो. सचिवाने नंतर सांगितलं ते असं. कागद टेबलाभोवती फिरला. अकरा माणसांच्या हातून गेला, अकरांच्याही खिशाला पेनं होती. शेवटी तो वकील संचालकांकडे आला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि खाली ठेवला. म्हणाले, आता हे दप्तरात आलं. ठेवीदारांना काय सांगायला हवं ते आपल्याला माहीत होतं, आणि ते आपण ठरवून छापलं नाही, हे आपल्याच कागदांवर दिसतंय. उद्या एखादा ठेवीदार तक्रार घेऊन कोर्टात गेला, तर पहिला प्रश्न मला विचारतील, आणि मी उत्तर देणार नाही. अध्यक्षांचा गोडवा त्या दिवशी कामी आला नाही. पत्रिका चौकटीसह पुन्हा छापायचा ठराव झाला. ‘११.४९%’ आणि त्याचा तारा कायमचे गेले.

त्याच बैठकीत दुसराही ठराव झाला. टाचणीबाईची बदली, प्रशासकीय कारणास्तव, बँकेच्या सर्वांत लांबच्या शाखेत. दोन बस बदलून पावणेदोन तास. कारवाई केली असती तर कारण लिहावं लागलं असतं. बदलीला लागत नाही. मला कळलं तेव्हा मी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने काही फरक पडला नाही, माझं बिल मात्र दोन महिने लटकलं.

नव्या पत्रिकांचं प्रूफ साहेबांना सही करायला मीच नेलं. चौकट तशीच, रेघ तशीच जाड. साहेबांनी ‘छापण्यास हरकत नाही’ लिहिलं तेव्हा पेन कागदात रुतलं होतं. मी दहा हजार प्रती छापल्या आणि लांबच्या शाखेचा गठ्ठा पोचवायला स्वतः गेलो. तशी गरज नव्हती.

ती शाखा म्हणजे एक लांबट खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. बाईच्या खिडकीपाशी विटा वाहणारा एक माणूस उभा होता, हाताला सिमेंट लागलेलं. आयुष्यात पहिल्यांदा बँकेत आलो, असं त्याने आल्याआल्याच सांगितलं होतं. बाईने माझ्या गठ्ठ्याची सुतळी तोडली, वरची पत्रिका त्याला दिली. या वेळी तिने काहीच म्हणून दाखवलं नाही. तो माणूस ओठ हलवत वाचत राहिला. वरचा भाग वाचला. चौकट वाचली, पहिली ओळ दोनदा. मग स्वतःशीच हिशोब करून म्हणाला, माझं काम आठ महिन्यांत संपतं, मग मी गावाला जातो, हप्ते भरायचे राहतील. म्हणजे हे माझ्यासाठी नाही.

त्याने पत्रिका नीट घडी करून परत खिडकीत ठेवली आणि तो निघून गेला. मागच्या टेबलावरचे शाखाधिकारी मान वर करून म्हणाले, “बाई, नव्या पत्रिकेच्या पहिल्याच दिवशी गिऱ्हाईक गेलं?”

“गेलं नाही,” टाचणीबाई म्हणाली. “त्याने वाचलं.” आणि रांगेतल्या पुढच्या बाईला तिने पत्रिका दिली.